शाळेत अर्ज देऊन महिना झाला, उत्तर नाही: चौकशी कशी करावी

गोव्यात शाळा चालवणारी एखादी संस्था वर्तमानपत्रात जाहिरात देते, तुम्ही अर्ज पाठवता आणि मग काहीच होत नाही. फोन नाही, पत्र नाही, ईमेलही नाही. अशा वेळी काय करायचं, ते इथे एकाच उदाहरणावरून सविस्तर सांगितलं आहे: फोंडा तालुक्यातली शाळा, पदवीधर शिक्षकाची मराठी विषयाची जागा, आणि साखळीहून अर्ज करणारी, नुकतीच बी.एड. झालेली उमेदवार. लिपिकाची किंवा प्रयोगशाळा साहाय्यकाची जागा असली तरी पद्धत हीच. मात्र गोवा लोकसेवा आयोग किंवा कर्मचारी भरती आयोगाकडे केलेल्या अर्जांना हे लागू नाही. तिथे पुढच्या पायऱ्या आयोगाच्या संकेतस्थळावर जाहीर होतात आणि व्यक्तिगत पत्र लिहून काही हाती लागत नाही.

दिवस कुठून मोजायचे

बहुतेक नवे उमेदवार अर्ज पाठवल्याच्या दिवसापासून मोजायला लागतात. शाळेसाठी तो दिवस महत्त्वाचा नसतो. जाहिरातीतली शेवटची तारीख उलटेपर्यंत आलेली पाकिटं नुसती एकत्र ठेवलेली असतात. त्यानंतर लिपिक अर्जांची यादी करतो, कागदपत्रं पुरी आहेत का ते पाहिलं जातं, मग ती यादी संस्थेच्या व्यवस्थापन समितीपुढे जाते. समितीतली माणसं आपापले व्यवसाय, नोकऱ्या सांभाळून हे काम करतात, त्यामुळे बैठक सगळ्यांना जमेल त्या दिवशीच होते. शाळा अनुदानित असेल तर शिक्षण खात्याच्या मान्यतेचा टप्पाही येतो आणि तिथला वेळ शाळेच्या हातात नसतो.

म्हणून शेवटच्या तारखेनंतर दोन पूर्ण आठवडे काही विचारू नये. त्याआधी फोन केला तर लिपिकाकडे सांगण्यासारखं काही नसतंच. याला एक अपवाद आहे. कुणी प्रसूती रजेवर गेल्यामुळे किंवा वर्षाच्या मध्येच रिकामी झालेली जागा भरायची असेल, तर शाळेला घाई असते आणि सगळं आठ-दहा दिवसांत उरकतं. जाहिरातीत ‘रजा कालावधीसाठी’ असं लिहिलेलं असेल तर शेवटच्या तारखेनंतर पाच-सहा दिवसांतच चौकशी करा.

आपल्या उदाहरणात 2025 च्या दिनदर्शिकेवर तारखा मांडू. जाहिरात 10 जुलैची, शेवटची तारीख 21 जुलै, अर्ज स्पीड पोस्टने 16 जुलैला टाकला. म्हणजे पहिली चौकशी 4 ऑगस्टच्या आठवड्यात. पुढे 27 ऑगस्टला चतुर्थी आहे. चतुर्थीच्या आदल्या तीन-चार दिवसांत आणि सुट्टीत गोव्यातल्या शाळेच्या कार्यालयाकडून उत्तराची अपेक्षा धरू नये. त्या दिवसांत आलेलं पत्र सुट्टीनंतरच्या ढिगाऱ्यात सगळ्यांत खाली जातं. हेच मे महिन्याच्या आणि नाताळच्या सुट्टीला लागू पडतं.

विचारण्याआधी घरी तपासायच्या गोष्टी

कधी कधी उत्तर आलेलं असतं, फक्त तुमच्यापर्यंत पोचलेलं नसतं. मुलाखतीचं बोलावणं अजूनही बऱ्याच संस्था टपालाने पाठवतात. अर्जात घर क्रमांक आणि वाड्याचं नाव न लिहिता नुसतं गाव आणि तालुका लिहिला असेल, तर एकाच आडनावाची वीस घरं असलेल्या गावात ते पत्र भलत्याच दारी जातं. आधी गावच्या टपाल कार्यालयात जाऊन पोस्टमनला विचारा. शेजारच्या त्याच आडनावाच्या घरीही विचारून पाहा.

मग मोबाइलचा कॉल लॉग बघा. शेवटच्या तारखेनंतर 0832 ने सुरू होणाऱ्या नंबरवरून आलेला आणि न उचललेला फोन दिसतो का? गोव्यातल्या लँडलाइनचा कोड तोच आहे आणि शाळेचं कार्यालय अनेकदा लँडलाइनवरूनच फोन करतं. असा नंबर सापडला तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत फोन करा.

अर्जाच्या प्रतीत स्वतःचा फोन नंबर एकेक आकडा करून वाचा. ‘नंबर पाठ आहे’ म्हणून कुणी तो तपासत नाही आणि नेमकी तिथेच चूक राहते.

अर्ज पोचल्याचा पुरावा कसा मिळवायचा, हे तो कसा पाठवला त्यावर ठरतं. स्पीड पोस्टच्या पावतीवर तेरा चिन्हांचा क्रमांक असतो: दोन इंग्रजी अक्षरं, नऊ आकडे आणि शेवटी IN. इंडिया पोस्टच्या संकेतस्थळावर तो टाकला की पाकीट कुठे आहे ते कळतं. Item Delivered अशी नोंद आणि तारीख दिसली की लगेच त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण या नोंदी संकेतस्थळावर कायम राहत नाहीत. हाती नेऊन दिला असेल तर तुमच्याकडच्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि इनवर्ड नंबर असायला हवा. पुढच्या सगळ्या पत्रव्यवहारात हा नंबर सर्वांत उपयोगी पडतो. तो घ्यायचा राहिला असेल तर पुढच्या वेळी अर्जाच्या दोन प्रती नेऊन ओसीवर, म्हणजे आपल्याकडे ठेवायच्या प्रतीवर, शिक्का मारून घ्या. नव्या माणसाला ते मागायला संकोच वाटतो, पण कार्यालयासाठी ती रोजची गोष्ट आहे.

ईमेलने पाठवला असेल तर Sent फोल्डरमध्ये जाऊन पत्ता जाहिरातीशी अक्षर अक्षर ताडून पाहा. पत्ता चुकला असेल तर जीमेलमध्ये Mail Delivery Subsystem या नावाने Address not found असा संदेश बहुधा काही मिनिटांतच परत आलेला असतो, आणि तो स्पॅममध्येही पडलेला असू शकतो. तो संदेश आला नाही एवढ्यावरून मात्र ईमेल कुणी वाचला असं समजू नका. शाळेचा ईमेल रोज उघडला जाईलच असं नाही.

पहिला फोन

पहिली चौकशी फोनवर करावी आणि तीही एकाच प्रश्नापुरती: अर्ज पोचला का? निवड झाली का, मुलाखत कधी, किती अर्ज आले, यातलं काही विचारायचं नाही. फोन उचलणाऱ्या लिपिकाला त्यातलं बरंचसं माहीत नसतं, आणि माहीत असलं तरी सांगायचा अधिकार नसतो. ज्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही तो विचारला की माणूस ‘नंतर कळवतो’ म्हणून सुटका करून घेतो आणि तिथे धागा तुटतो. अर्ज पोचला का, हे मात्र तो आवक वही उघडून एका मिनिटात सांगू शकतो.

बहुतेक शाळा सकाळच्या वेळेत भरतात. साडेसात ते साडेआठ प्रार्थना, हजेरी, उशिरा आलेली मुलं यांची गडबड असते आणि मधल्या सुट्टीत कार्यालयाच्या दाराशी रांग असते. सुट्टी संपल्यानंतर साधारण साडेअकरा ते साडेबारा ही बरी वेळ. महिन्याचे पहिले आणि शेवटचे दोन-तीन दिवस पगारपत्रकाचे असतात, ते टाळा. उदाहरणातली उमेदवार बुधवारी, 6 ऑगस्टला, पावणेबाराला फोन करते:

“नमस्कार, मी साखळीहून (पूर्ण नाव) बोलते. पदवीधर शिक्षक, मराठी, या जागेसाठी मी 16 जुलैला स्पीड पोस्टने अर्ज पाठवला होता. तो मिळाला आहे का, एवढंच विचारायचं होतं. आत्ता बघायला सवड आहे का, की उद्या फोन करू?”

शेवटचं वाक्य गाळू नका. त्याने समोरच्याला कामातून मोकळं व्हायची वाट मिळते, आणि तुम्हाला उद्या पुन्हा फोन करण्याची परवानगी मिळते. पलीकडून कोंकणीत उत्तर आलं तर तुम्हीही कोंकणीत बोला, आणि शेवटी ‘देव बरें करूं’ म्हणा. फोनवर भाषा बदलली म्हणून औपचारिकपणा कमी होत नाही.

‘अर्ज आलाय’ असं कळलं तर आवक क्रमांक विचारून लिहून घ्या, बोलणाऱ्याचं नाव किंवा पद विचारा आणि आभार मानून फोन ठेवा. ‘सापडत नाही’ असं उत्तर आलं तर वाद घालू नका. “पोस्टाच्या संकेतस्थळावर 18 जुलैला पोचल्याची नोंद दिसते आहे. मी प्रत आणि पावतीची झेरॉक्स घेऊन आले तर चालेल का?” असं विचारा आणि दोन दिवसांत स्वतः जा. पाकिटावर पदाचं नाव लिहिलेलं नसेल तर ते इतर टपालात गेलेलं असण्याची शक्यता मोठी. जाहिरातीत ‘पाकिटावर पदाचा उल्लेख करावा’ असं म्हटलेलं असतं ते याचसाठी.

पहिलं पत्र

फोनवर बोलणं झालं तरी एक लहानसं पत्र द्यावं, कारण फोनवरचं बोलणं फाईलला लागत नाही. इथे बहुतेकांचं पत्र बिघडतं, म्हणून थोडं थांबून पाहू. नव्या उमेदवाराचा मसुदा साधारण असा असतो:

“महोदय, मी आपल्या शाळेत शिक्षक पदासाठी अर्ज केला होता. परंतु आजपर्यंत आपणाकडून काहीही कळविण्यात आलेले नाही. तरी माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार करून त्वरित कळवावे, ही नम्र विनंती.”

वरवर हे पत्र नम्र दिसतं, पण त्यात तीन अडचणी आहेत. ‘शिक्षक पद’ म्हणजे कोणतं? शाळेने एकाच जाहिरातीत तीन विषयांच्या जागा दिलेल्या असू शकतात. अर्जाची तारीख किंवा क्रमांक नसल्यामुळे लिपिकाला सगळी फाईल चाळावी लागते, आणि हातात दुसरं काम असलं की तो ती चाळत नाही. दुसरी अडचण ‘काहीही कळविण्यात आलेले नाही’ या वाक्याची: त्यात तक्रारीचा सूर आहे आणि पुढचा ‘त्वरित’ तो आणखी वाढवतो. ‘नम्र विनंती’ जोडल्याने ‘त्वरित कळवावे’ मऊ होत नाही. तिसरी म्हणजे ‘सहानुभूतीपूर्वक विचार’. हा शब्दप्रयोग फी माफीच्या अर्जात शोभतो. इथे तुम्ही पात्रतेवर अर्ज केलेला आहे, आणि या शब्दांवर वाचणाऱ्याला करण्यासारखं काहीच नसतं.

विषयाच्या ओळीत ‘स्मरणपत्र’ हा शब्दही घालू नये. कार्यालयीन मराठीत स्मरणपत्र म्हणजे ज्याचं उत्तर देणं समोरच्यावर बंधनकारक होतं त्याची आठवण. ‘स्मरणपत्र क्र. 1’ म्हटलं की दोन आणि तीनही येणार, असं वाचणाऱ्याला ऐकू येतं. त्याऐवजी ‘चौकशी’ म्हणा. पत्र असं लिहिता येईल:

“प्रति,
मा. व्यवस्थापक,
(संस्थेचं नाव), फोंडा, गोवा.

विषय: पदवीधर शिक्षक (मराठी) पदाच्या अर्जाबाबत चौकशी.
संदर्भ: माझा दि. 16 जुलै 2025 चा अर्ज, आवक क्र. (…), दि. 18 जुलै 2025.

महोदय,
दि. 10 जुलैच्या जाहिरातीनुसार वरील पदासाठी मी अर्ज केला आहे. अर्ज मिळाल्याचं आपल्या कार्यालयाने 6 ऑगस्ट रोजी फोनवर सांगितलं, त्याबद्दल आभारी आहे.
मुलाखतीची तारीख ठरली असल्यास किंवा अर्जासोबत आणखी एखादं कागदपत्र हवं असल्यास कृपया खालील क्रमांकावर कळवावं. पंधरा वर्षांच्या वास्तव्याच्या दाखल्याची प्रत अर्जासोबत जोडली आहे. मूळ दाखला पडताळणीसाठी केव्हाही आणू शकेन.
आपली विश्वासू,
(नाव, घर क्रमांक, वाडा, गाव, पिन कोड, मोबाइल, ईमेल)”

संदर्भाची ओळ हा या पत्राचा कणा आहे. तेवढी एक ओळ वाचून लिपिक अर्ज बाहेर काढू शकतो. ‘एखादं कागदपत्र हवं असल्यास’ हे वाक्य सौजन्यासाठी घातलेलं नाही. मामलेदार कार्यालयातून मिळणारा वास्तव्याचा दाखला किंवा रोजगार विनिमय केंद्राचं कार्ड जाहिरातीत मागितलेलं असताना जोडायचं राहिलं, तर अर्ज ‘अपूर्ण’ म्हणून बाजूला पडतो आणि तसं कळवण्याची तसदी कुणी घेतोच असं नाही. हे वाक्य त्यांना ती गोष्ट सांगायला निमित्त देतं. शेवटची तारीख उलटल्यावर नवं कागदपत्र घ्यायचं की नाही, हे अर्थात संस्थेच्या हातात असतं, म्हणून पत्रात त्याचा आग्रह धरू नये.

एवढं लेखन अर्ध्या पानात बसतं आणि बसायलाच हवं. पदव्या, अनुभव, घरची परिस्थिती पुन्हा लिहू नये. ती अर्जात आहे, आणि घरची परिस्थिती तिथेही नसावी.

पत्र 8 ऑगस्टला टपालाने टाका किंवा नेऊन द्या. मूळ अर्ज ईमेलने केला असेल तर नवा ईमेल लिहू नका. Sent मधला मूळ ईमेल उघडून त्यालाच Reply करा, म्हणजे तारीख, विषय आणि जुना मजकूर सगळं खाली दिसतं. मात्र Reply केल्यावर जुन्या ईमेलच्या जोडण्या सोबत जात नाहीत. बायोडाटा आणि दाखले पुन्हा जोडावे लागतात. हे न कळल्यामुळे ‘सोबत बायोडाटा जोडला आहे’ असं लिहिलेले आणि काहीच न जोडलेले ईमेल रोज जातात. प्रमाणपत्रांचे मोबाइलवर काढलेले फोटो वेगवेगळे न पाठवता एका पीडीएफमध्ये घाला आणि फाईलला तुमचं नाव आणि पद द्या. जीमेलवर एकूण 25 एमबीची मर्यादा आहे, पण शाळेच्या जुन्या संगणकाचा विचार करून ती दोन-तीन एमबीतच ठेवलेली बरी.

वशिला आणि व्हॉट्सॲप

गाव लहान आहे. समितीवरचे कुणी तुमच्या मामांच्या ओळखीचे असतील, मुख्याध्यापकांचा नंबर पंच देऊ शकतील. नंबर मिळाला म्हणून व्हॉट्सॲपवर ‘गुड मॉर्निंग सर, माझ्या अर्जाचं काय झालं?’ असं पाठवू नये. निवडीच्या बैठकीत बसणाऱ्या माणसाला खासगी नंबरवर गाठलं की तो तुमच्याविषयी बोलायला कचरतो, आणि अर्ज चांगला असला तरी ‘याच्यासाठी फोन आला होता’ हेच लक्षात राहतं. शाळेनेच मुलाखतीसाठी व्हॉट्सॲपवर संपर्क केला असेल तर तिथे उत्तर द्यायला हरकत नाही.

दुसरी चौकशी, आणि थांबणं

पहिल्या पत्रानंतर तीन आठवडे द्या. उदाहरणात ते 29 ऑगस्टला पुरे होतात, पण ते चतुर्थीचे दिवस. अनंत चतुर्दशी 6 सप्टेंबरला आहे, म्हणून दुसरी चौकशी सोमवारी 8 सप्टेंबरला किंवा त्यानंतर. शक्य असेल तर या वेळी स्वतः जा. साखळीहून फोंड्याला जायचंच आहे तर पत्राच्या दोन प्रती घ्या, कार्यालयात द्या, शिक्का घ्या आणि नोटीस बोर्ड वाचून या. मुलाखतीची सूचना किंवा निवड यादी कधी कधी फक्त तिथेच लावलेली असते. मुख्याध्यापकांना भेटायचा हट्ट धरू नका. त्यांनी स्वतः बोलावलं तर दोन मिनिटं बसा.

या पत्रात पहिल्याची नक्कल नको. प्रश्न असा ठेवा की ‘नाही’ म्हणणंही त्यांना सोपं जावं: “सदर पदाची निवड प्रक्रिया पूर्ण झाली असल्यास तसं कळवावं, म्हणजे मला पुढील नियोजन करता येईल.” नकार कळवणं कुणालाच आवडत नाही, म्हणून बऱ्याच संस्था गप्प राहतात. या वाक्याने त्यांचा संकोच कमी होतो आणि अनेकदा निदान फोनवर तरी खरं काय ते कळतं. दरम्यान तुमच्या पात्रतेत भर पडली असेल, समजा उशिरा हाती आलेलं बी.एड.चं गुणपत्रक, तर त्याची प्रत जोडा.

दुसऱ्या पत्रालाही महिनाभर उत्तर आलं नाही तर तिसरं लिहू नका. तिथून उत्तर मिळण्याची शक्यता फार थोडी उरते, आणि पुढच्या वर्षी त्याच शाळेत जागा निघाली तर तिसऱ्या, चौथ्या पत्राचा सूर कुणाच्या तरी लक्षात असतो. अर्जासोबत चुकून मूळ प्रमाणपत्र गेलं असेल तर गोष्ट वेगळी. ते परत मागायला कितीही वेळा जाता येतं, आणि ते लेखीच मागावं.

सरकारी अनुदानावर चालणाऱ्या शाळेकडून माहिती अधिकाराखाली निवड प्रक्रियेची माहिती मागता येते. त्यासाठी दहा रुपये शुल्क आहे आणि उत्तराला तीस दिवसांची मुदत. पण ती चौकशीची तिसरी पायरी समजू नये. जाहिरातीतले निकष डावलले गेल्याचं ठोस कारण असेल तेव्हाच तिकडे वळावं. नुसतं उत्तर आलं नाही म्हणून तो अर्ज करणं म्हणजे त्या शाळेशी असलेलं नातं संपवणं.

यादरम्यान दुसरीकडे नेमणूक मिळाली तर पहिल्या शाळेला दोन ओळी पाठवा: “आपल्याकडील दि. 16 जुलैच्या अर्जाच्या संदर्भात (आवक क्र. …) मला अन्यत्र नेमणूक मिळाल्याने मी माझी उमेदवारी मागे घेत आहे. चौकशीला दिलेल्या उत्तराबद्दल आपल्या कार्यालयाची आभारी आहे.” आवक क्रमांक या पत्रातही घालायचा, म्हणजे लिपिकाला यादीतून तुमचं नाव लगेच काढता येतं आणि मुलाखतीच्या दिवशी कुणी तुमची वाट पाहत बसत नाही.